चौदा अक्षरं

आई गेली जूनमध्ये. दफन झाल्यावर आठवड्याभरातच काकांनी विचारलं, "दगडाचं काय?" मला वाटलं होतं दगड म्हणजे महिन्याभराचं काम. दफनभूमीच्या राखणदारानं समजावलं, की ताज्या कबरीवर लगेच बांधकाम करायचं नसतं. एक पावसाळा जाऊ द्यायचा, माती आपणहून खाली बसते. घाई केली की चौथरा एका बाजूनं खचतो, मग दगड कलतो नाहीतर मधोमध तडकतो. त्यानं असे चार-पाच कललेले दगड दाखवलेही. मग ठरलं, ईस्टरच्या आधी दगड बसवायचा. नगरकडच्या आमच्या मंडळीत ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत उपासना होते. सगळे आदल्या दिवशी येऊन आपापल्या कबरी धुतात, चुना लावतात, झेंडू वाहतात. तोवर आईची जागा नुसती मातीची राहू नये, एवढीच पप्पांची इच्छा होती.

म्हणजे मजकूर ठरवायला माझ्या हातात नऊ महिने होते. दादा म्हणाला, "तू लिहिणारी, तू ठरव." मी पुण्यात एका प्रकाशनात मुद्रितं तपासते. लिहिणारी नव्हे, लिहिलेलं दुरुस्त करणारी. पण घरात हा फरक कुणाला पटत नाही.

पहिल्याच महिन्यात मी सोपी वाट धरली होती. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला काही उणे पडणार नाही.' स्तोत्र तेवीस. आईला ते तोंडपाठ होतं, मलाही आहे. मग एका रविवारी उपासनेनंतर दफनभूमीत गेले आणि आईच्या रांगेतले दगड वाचत फिरले. वाचता येतील असे एकेचाळीस होते. त्यातल्या अकरांवर मेंढपाळ होता. नऊ जणांवर 'प्रभूमध्ये निद्रिस्त'. बाकीच्यांपैकी बहुतेक 'प्रेमळ माता', 'कर्तव्यदक्ष पिता', 'मायेचा सागर'. वाईट काहीच नव्हतं त्यात. पण आईच्या शेजारी जे गृहस्थ आहेत ते कापडाचे व्यापारी होते, त्यापलीकडे एक शाळकरी मुलगी आहे, आणि दोघांवर एकच वचन आहे. वचन त्या दोघांनाही लागू पडतं. वचनाचं कामच ते. पण त्यातून तो व्यापारी कळत नाही आणि ती मुलगीही नाही.

तिथं उभी असताना मला एक कसोटी सुचली. जी ओळ ठरेल ती मनातल्या मनात उचलून शेजारच्या कबरीवर ठेवून बघायची. तिथंही बिनबोभाट बसली, तर ती ओळ आईची नाही. 'प्रेमळ आई आणि सेवाभावी परिचारिका' हे दादाचं सुचवणं या कसोटीत एका मिनिटात गेलं. आमच्या मंडळीत नर्स इतक्या होऊन गेल्यात, की त्या रांगेतच तिघीजणी आहेत.

आता आईबद्दल थोडं सांगायला हवं. ती आधी मिशनच्या दवाखान्यात होती, मग सरकारी उपकेंद्रावर ए. एन. एम. म्हणून एकवीस वर्षं एका गावात. घर रस्त्याला लागून. बाळंतपणं रात्रीच येतात, ही गावाकडची जुनी तक्रार. बैलगाडीतून, पुढं पुढं टेम्पोतून, कधी नुसता एक माणूस कंदील घेऊन पळत यायचा. आम्ही पोरं झोपेतून अर्धवट जागी व्हायचो, कुणीतरी दार वाजवतंय, आई चपला शोधतेय, पप्पा "टॉर्चचे सेल कुठं गेले" म्हणतायत. आणि पुन्हा झोपायचो. सकाळी उठलं की आई चुलीपाशी असायची, डोळे तांबडे, चहा मात्र नेहमीसारखा. दुपारी ती गाढ झोपायची. त्या झोपेत घरात भांडं वाजलेलं तिला चालायचं नाही.

हे शेवटचं मुद्दाम सांगितलं, कारण काकांची कविता.

काका निवृत्त शिक्षक. मंडळीत वाढदिवस, लग्न, निरोप समारंभ काहीही असो, त्यांच्या चार ओळी असतातच. त्यांनी लिहून पाठवलं:

चंदनापरी झिजलीस तू,
दिव्यापरी जळलीस तू,
सेवेसाठी जगलीस तू,
प्रभुचरणी विसावलीस तू.

मी हसले नाही, कारण त्यांनी रडत लिहिलं होतं हे मला माहीत होतं. पण आई झिजली नव्हती, जळलीही नव्हती. दुपारी दोन तास घोरणारी, खमंग भरीत आवडणारी, रिटायर झाल्यावर साडेसहा किलो वजन वाढवलेली बाई होती ती. चंदन, दिवा, समई, वटवृक्ष ही आपल्याकडं मेलेल्या माणसांना वाटायची ठरलेली भांडी आहेत. ज्याच्या त्याच्या हातात एकेक देतात.

काकांना हे कसं सांगायचं? मी दगडाची मापं पुढं केली. आमचा दगड चोवीस इंच रुंद, अठरा इंच उंच. दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच समास सोडला की राहिले वीस. कबर उभ्यानं वाचतात, दगड पायाशी तिरपा असतो, त्यामुळे अक्षर इंचभर तरी हवं. त्याहून लहान अक्षर म्हाताऱ्या माणसाला वाकल्याशिवाय वाचता येत नाही, आणि कबरीपाशी येणाऱ्यांत म्हातारी माणसंच जास्त. इंचभर उंच देवनागरी अक्षर सरासरी इंचभरच रुंदी खातं, मात्रा-वेलांट्या धरून. वरती नाव, त्याखाली दोन तारखा, म्हणजे उंचीत उरलेली जागा थोडीच. त्यात काकांची एकोणचाळीस अक्षरं चार ओळींत बसवायची तर अक्षर अर्ध्या इंचावर येतं. काकांनी पट्टी घेऊन स्वतः मोजलं. "मग दोनच ओळी ठेव," म्हणाले. कुठल्या दोन, हे त्यांनाच ठरवता येईना. चारही ओळी एकच गोष्ट सांगतात हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं असावं. पुढं त्यांनी कविता मागे घेतली, थोडे रुसून.

जागेची ही अडचण जुनी आहे. पुण्यात खडकीला युद्धातल्या सैनिकांची दफनभूमी आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेहून अधिक कबरी. ऑगस्टमध्ये एका शनिवारी तिथं गेले. सगळे दगड एकाच मापाचे, ओळीत, हिरवळ कापलेली. दगडावर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, तारीख, वय. आणि अगदी तळाशी, कधी कधी गवताआड जाईल अशी, घरच्यांनी दिलेली एक ओळ. ही प्रथा पहिल्या महायुद्धानंतरची. ब्रिटिशांच्या ज्या आयोगानं या कबरी बांधल्या त्यानं घरच्यांना मुभा दिली, पण जास्तीत जास्त सहासष्ट अक्षरांची, आणि शब्दांमधल्या मोकळ्या जागाही त्यात धरायच्या. अक्षरामागे साडेतीन पेन्स आकारत. पुढं ते पैसे ऐच्छिक केले. न्यूझीलंडनं तर आपल्या सैनिकांसाठी ही ओळच नाकारली, सगळे दगड सारखे हवेत म्हणून. त्या आयोगाला शब्द पुरवणाऱ्यांत इंग्रजी लेखक किपलिंग होता, आपल्या मुंबईत जन्मलेला. त्याचा स्वतःचा मुलगा १९१५ साली लूसच्या लढाईत बेपत्ता झाला होता. ओळख न पटलेल्या सैनिकांच्या दगडावर तळाशी जे तीन इंग्रजी शब्द असतात, 'परमेश्वराला ठाऊक' अशा अर्थाचे, ते त्यानं सुचवलेले. मला त्या तीन शब्दांचं कौतुक यासाठी वाटतं, की त्यात विशेषण नाही. शूर नाही, अमर नाही. एक क्रियापद आहे आणि ते कुणाचं हे सांगितलंय.

रोमन लिपीतली सहासष्ट अक्षरं म्हणजे आपली अंदाजे तीस-पस्तीस, कारण आपल्याकडं 'त्री' हे एकच अक्षर, त्यांच्याकडं तीन-चार. खडकीहून परत येताना बसमध्ये मी वहीत लिहिलं: विशेषण नको, क्रियापद हवं, आणि त्याला वेळ हवी. कधी केलं? रोज? एकदा? पहाटे?

मग मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारायला लागले. "आई कशी होती" असं विचारलं की लोक विशेषणं देतात. म्हणून "आई काय करायची" असं विचारायचं. गावातल्या एका बाईंनी फोनवर सांगितलं, "बाई आम्हाला म्हणायच्या, रात्री कधीही या, दार वाजवा." मी जवळजवळ ओरडलेच. 'रात्री कधीही दार वाजवा.' आईचे स्वतःचे शब्द. वर त्यात शास्त्राची सावली, 'ठोका म्हणजे तुमच्यासाठी उघडले जाईल.' आठवडाभर मी त्या ओळीवर खूश होते. दादाला पाठवली. त्याचं उत्तर आलं, "कबरीवर? रात्री कधीही दार वाजवा? अगं, पोरं घाबरून पळतील."

तो बरोबर होता. दगडावर ओळ लिहिली की ती कोण बोलतंय हा प्रश्न येतोच. बोलणारे तीनच असू शकतात. मेलेला माणूस, मागे राहिलेले, किंवा खुद्द दगड. आईच्या तोंडी ओळ घातली की ती जमिनीखालून बोलणार. जिवंतपणी जे आश्वासन होतं त्याची तिथं भुताटकी होते. मग मी ते आमच्या तोंडी आणलं: 'रात्री दार वाजले, तिने उघडले.' इथं काळाची अडचण. 'उघडले' म्हणजे एकदा. एकदा कुणीही उघडतं. 'उघडत असे' केलं तर एकवीस वर्षं आली, पण आवाज शाळेच्या पुस्तकाचा झाला. 'दार उघडणारी' केलं तर पुन्हा विशेषणच, फक्त वेश बदललेलं.

ऑक्टोबरात पप्पांकडे गेले होते. रात्री जेवून बसलो होतो, शेजारी कुणीतरी कडी वाजवली. पप्पा उगाचच दाराकडं बघत म्हणाले, "रात्री दार वाजलं की हीच उठायची. मी मागं टॉर्च घेऊन."

पप्पांनी आईला आयुष्यात नावानं हाक मारली नाही. त्यांच्या बोलण्यात ती कायम 'ही'. ही आली का, हिला विचार, हीच उठायची. माझ्या डोक्यात पहिल्यांदा फक्त 'उठायची' आलं. हाच तो काळ जो मी शोधत होते, रोज रोजचा, संपलेला, आणि तरी पुस्तकी नाही. 'ही'कडं लक्ष गेलं ते मध्यरात्री, अंथरुणात. 'ही' म्हणजे नवऱ्याच्या तोंडातली बायको. पण दगडावर लिहिलं तर 'ही' म्हणजे बोट दाखवून 'ही, इथली'. जगभरच्या कबरींवर 'येथे अमुक विसावला आहे' असं लिहायला दोन-तीन शब्द लागतात. मराठीनं ते एका अक्षरात दिलं होतं, वर एक संसारही दिला होता. आणि 'च'. 'ही उठायची' म्हटलं तर माहिती होते. 'हीच' म्हटलं की कळतं घरात बाकीचेही होते, आणि ते उठत नसत.

वहीत लिहून मोजलं. रा-त्री-दा-र-वा-ज-लं-की-ही-च-उ-ठा-य-ची. चौदा.

ओळ तोडायची कुठं, यावर मी जितका वेळ घालवला तितका एखाद्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरही घालवलेला नाही. 'रात्री दार वाजलं / की हीच उठायची' असं तोडलं तर सात-सात अक्षरं, मध्यभागी छान रचना, डोळ्याला समतोल. 'रात्री दार वाजलं की / हीच उठायची' असं तोडलं तर आठ आणि सहा. मी दोन्ही कागदावर इंचाच्या अक्षरात काढून भिंतीला लावले आणि येता-जाता मोठ्यानं वाचले. सात-सात वाचताना जीभ पहिल्या ओळीशी थांबते, तिथं वाक्य जवळजवळ पुरं झालेलं असतं: दार वाजलं. पुढं काही नसलं तरी चालेल. आठ-सहात 'की'वर थांबावं लागतं आणि वाक्य लोंबकळतं. बाहेरचा माणूस दारावर थाप मारून जितका वेळ थांबेल, तितकं वाचणाऱ्याला थांबावं लागतं. मग खाली 'हीच'. आठ-सहा ठेवलं.

मंडळीच्या कमिटीला मजकूर दाखवावा लागतो. डिसेंबरात पप्पा, काका आणि मी गेलो. तिथं दोन हरकती निघाल्या. एक, वचन नाही. दुसरी, भाषा बोली आहे. 'वाजलं' नव्हे 'वाजले' हवं, दगड कायमचा असतो. 'वाजले' करून मी आधीच वाचून पाहिलं होतं. ते कुणी सांगितल्यासारखं वाटत नाही, कुणी नोंदवल्यासारखं वाटतं. त्या अनुस्वारात पप्पांचा आवाज होता. पण हे कमिटीला कसं सांगणार? पाळकसाहेब तोवर गप्प होते. त्यांनी कागद परत वाचला आणि म्हणाले, "उठायची. उठणं हा आपला शब्द आहे. ईस्टरला हा दगड वाचणाऱ्याला वेगळं वचन कशाला?" खरं सांगते, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. पप्पांच्या तर नाहीच. वचनाची हरकत तिथं मिटली आणि त्या भरात 'वाजलं'ही निभावलं.

निघताना काका म्हणाले, "निदान वर एक ओळ टाका, एकवीस वर्षे अहोरात्र रुग्णसेवा केलेल्या परिचारिका म्हणून. नाहीतर लोकांना कळणार नाही रात्री दार का वाजायचं." याचं उत्तर मला रोमच्या एका कबरीनं दिलं. इंग्रजी कवी कीट्स १८२१ साली तिथं क्षयानं वारला, पंचविसाव्या वर्षी. त्यानं सांगून ठेवलं होतं, दगडावर नाव नको, एवढंच लिहा की ज्याचं नाव पाण्यावर लिहिलेलं होतं असा एक जण इथं आहे. मित्रांना ते अपुरं वाटलं. त्यांनी वरती लिहिलं की हा तरुण इंग्रज कवी, शत्रूंच्या दुष्टपणानं मन कडवट झालेलं असताना त्यानं हे शब्द कोरायला सांगितले, वगैरे. पुढं त्या मित्रांनाच पस्तावा झाला. दगड अजून तसाच आहे, आणि त्यावर कीट्सच्या एका ओळीपेक्षा मित्रांचा खुलासा लांब आहे. काकांना मी ही गोष्ट रिक्षात सांगितली. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे मी त्याचे मित्र." आणि हसले.

आता खरा गोंधळ. दगडाचं काम एका ग्रॅनाइटवाल्याकडं दिलं. हल्ली छन्नीनं अक्षर कुणी काढत नाही. संगणकावर मजकूर मांडतात, यंत्र रबराच्या चिकट पत्र्यात अक्षरं कापतं, तो पत्रा दगडावर चिकटवून अक्षरांच्या जागचं रबर टोकदार चिमट्यानं सोलून काढतात, आणि मग दाबाच्या हवेनं वाळूचा मारा करतात. जिथं रबर नाही तिथं दगड खोदला जातो. शेवटी खाचेत पांढरा रंग. अक्षरामागे ठरलेला दर, जोडाक्षराला एकच धरतात, यावरून मात्र त्याच्याशी बरीच घासाघीस झाली. 'त्री'चे तो दोन मागत होता.

मजकूर मी मोबाइलवर पाठवला. दोन दिवसांनी त्यानं नमुना पाठवला आणि पहिलंच अक्षर बघून मी कपाळावर हात मारला. नावाआधी 'कै.' आईला कैलासवासी करून टाकलं होतं. त्याच्याकडं तयार साचा असतो, त्यात ते आधीच लिहिलेलं. खाली 'रात्रि' ऱ्हस्व, 'उठायचि' ऱ्हस्व. झालं होतं असं, की मी पाठवलेला मजकूर त्याच्या जुन्या फाँटमध्ये उघडत नव्हता, वेलांट्या इकडच्या तिकडं उडत होत्या, म्हणून ऑपरेटरनं बघून बघून पुन्हा टाइप केला होता. मी तिथं जाऊन बसले. आमच्या धंद्यातली एक युक्ती आहे: चूक शोधायची तर शेवटाकडून वाचायचं, ची-य-ठा-उ, म्हणजे डोळा अर्थाच्या नादी लागून पुढं पळत नाही. आणि नमुना पडद्यावर बघायचा नाही, खऱ्या मापात कागदावर काढून बघायचा. तिथं भिंतीला टेकवलेल्या दुसऱ्या एका तयार दगडावर 'दुसर्‍या' हा शब्द रफार देऊन काढलेला होता, र डोक्यावर. मराठीतल्या त्या आडव्या र साठी त्यांच्या हिंदी फाँटमध्ये चिन्हच नव्हतं. मला माझ्या ओळीचं हायसं वाटलं, तिच्यात तो र नव्हता.

दगड मार्चमध्ये तयार झाला. बघायला गेले, तर 'रात्री दार वाजल की'.

टिंब नव्हतं. रबरात ते कापलं गेलं होतं, पण सोलताना चिमट्यातून निसटून तसंच राहिलं, आणि तेवढ्या जागेवर वाळू लागलीच नाही. कारागीर म्हणाला, "एक टिंबच आहे, रंगानं देतो." रंग दोन पावसाळ्यांत जातो, मग कायमचं 'वाजल'. मला दगड परत करावा लागेल असं वाटलं. तेव्हा त्यांच्याकडचे एक म्हातारे पाथरवट, जे आता फक्त कडा घासायला येतात, पुढं आले. त्यांना सगळे मामा म्हणत. मामांनी बोट फिरवून बघितलं आणि सांगितलं, "राहिलंय ते बरं झालं. जास्तीचं गेलं असतं तर इलाज नव्हता." ठ किंवा व मधला रबराचा ठिपका वाऱ्यानं उडाला की पोट भरून अक्षराचा गोळा होतो, आणि पॉलिश गेलेला काळा ग्रॅनाइट पुन्हा काळा करता येत नाही. कमी असलेलं मात्र खोदता येतं. त्यांनी पेन्सिलीनं खूण केली, कार्बाइडच्या टोकाची बारीक छन्नी घेतली आणि हलक्या हातोडीनं चार बाजूंनी चार-चार ठोके दिले. पाच मिनिटं लागली असतील. त्यामुळे ते टिंब गोल नाही. चौकोनी आहे, बोरूनं काढल्यासारखं, आणि बाकी अक्षरांपेक्षा खोल. पैसे घेतले नाहीत. "टिंबाचे कसले पैसे," म्हणाले.

ईस्टरच्या आदल्या दिवशी दगड बसला. पप्पांना दुपारी नेलं. त्यांना मजकूर माहीत होता, तरी त्यांनी चष्मा लावून नावापासून सगळं वाचलं, तारखा बोटानं तपासल्या. मग दोन्ही ओळी वाचल्या, पुटपुटत. बराच वेळ उभे होते. मला वाटलं आता काही बोलतील आईबद्दल.

"खाली जागा ठेवलीय ना?" त्यांनी विचारलं.

ठेवली होती. पाच इंच. कबर दोघांची आहे, हे पहिल्यापासून ठरलेलं.

"नाव, तारखा. आणि खाली लिही, टॉर्च मी धरायचो."

मी काही बोलायच्या आत त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. टॉ, र्च, मी, ध, रा, य, चो. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताची दोन लागली.

"सात," ते म्हणाले. "हिच्या निम्म्या पैशात झालं."